मदत हवी आहे: दोघांचे वेगळे ट्रॅक शेवटी जुळत नाहीयेत

नमस्कार मंडळी, मी दादरला राहतो आणि आमच्या लालबागच्या एका गिरणी कामगार काकांची ऑनलाइन मीटिंगवर मुलाखत घेतली, ते आता कणकवलीला असतात. नेटवर आवाज तुटतो म्हणून मी माझा आवाज लॅपटॉपवर ऑडॅसिटीत घेतला आणि काकांचा आवाज त्यांच्या पुतण्याने त्यांच्यासमोर फोन ठेवून घेतला, मी आणि काका दोघांनीही इअरफोन घातले होते त्यामुळे एकमेकांचा आवाज ट्रॅकमध्ये शिरला नाही, ते काम मस्त झालं.

सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी काकांना टाळी वाजवायला सांगितलेली. मीटिंगचं मिक्स रेकॉर्डिंग माझ्याच लॅपटॉपवर आहे, त्यात पहिल्या ते शेवटच्या टाळीचं अंतर बरोब्बर ७० मिनिटं, पण फोनच्या ट्रॅकमध्ये ०.४२ सेकंद जास्त. मधल्या टाळीला साधारण ०.२१. म्हणजे फरक हळूहळू वाढतोय, कुठे तुकडा गळालेला नाही. ४४१०० आणि ४८००० चा घोळ असता तर काही मिनिटांचा फरक पडला असता आणि आवाजही बदलला असता, तेव्हा दोन मशीनच्या घड्याळांचाच फरक वाटतो.

हिशोबाने ०.०१ टक्का होतो. मग फोनचा अख्खा ट्रॅक तेवढाच फास्ट करू, की शांत जागा बघून तुकडे करून सरकवू? आणि नेटच्या लॅगमुळे मीटिंगमधली टाळीच पुढेमागे झाली असेल तर ०.४२ वर किती विसंबायचं? काका बोलताना मी मध्येमध्ये हुंकार देतो, ते चुकीच्या जागी पडतायत, म्हणून जीव अडकलाय. कोणी केलंय का असं?