कुटुंब ग्रुप: ८.५ चं गणित

मोठे काका: चिनू, पाचव्या सेमचा निकाल लागला म्हणे. किती?

चिनू: सीजीपीए ६.४. पण आठव्या सेमपर्यंत ८.५ करणार, काका. भिंतीवर लिहून ठेवलंय.

मोठे काका: शाब्बास! जिद्द हवी.

आत्या: दादा, थांब जरा. चिनू, मी कॉलेजात मुलांना हेच गणित मांडून देते. इथे लिहू, की फक्त तुला पाठवू?

चिनू: इथेच लिही. भिंतीचा फोटो आईने सगळ्यांना पाठवलाच आहे 🙄

आत्या: सेमला २० क्रेडिट, आठ सेमचे १६०. तुझे १०० झाले, म्हणजे १०० × ६.४ = ६४० पॉइंट खात्यात. ८.५ साठी शेवटी १६० × ८.५ = १३६० लागतात. उरलेल्या ६० क्रेडिटमध्ये ७२० मिळवायचे, म्हणजे क्रेडिटमागे १२. ग्रेड पॉइंट तर दहाच्या वर जातच नाही. तिन्ही सेमला सगळीकडे १० पडले तरी (६४० + ६००) ÷ १६० = ७.७५. तू कमी पडतोयस असं नाही रे, तेवढी जागाच उरलेली नाही.

मोठे काका: मग ७.७५ धर की!

आत्या: दादा, गेल्या सेमला त्याला ६.६ आहेत. एकदम दहा कुठून आणेल?
चिनू, मी ६.७५ धरते. त्याला १०८० पॉइंट लागतात, म्हणजे अजून ४४०. सेमला ७.०, ७.४ आणि ७.६ आले की १४० + १४८ + १५२ = ४४०. बरोबर बसतं.

आई: ताई, एवढ्या मेहनतीने फक्त ०.३५ वाढणार?

आत्या: हो वहिनी, मागचे १०० क्रेडिट खाली ओढतात ना. सहाव्या सेमला ७.० आले तरी सीजीपीए ६.५ च दिसेल. मुलं नेमकी तिथेच खचतात. म्हणून भिंतीवर त्या सेमचा एसजीपीए लिहायचा.
आता ६.६ चे ७.० म्हणजे १३२ चे १४०, फक्त ८ पॉइंट. चार क्रेडिटचे दोन विषय एकेक ग्रेड वर गेले की झालं. तुझ्याकडे ६० मार्कांना ७ पॉइंट ना? इंटर्नलला ४० पैकी २२ असतील तर लेखीत ६० पैकी ३८ काढावे लागतात. इंटर्नल २८ झाले तर ३२ पुरतात. म्हणून जोर आधी इंटर्नलवर.

चिनू: आत्या, त्यातला एक विषय ३ क्रेडिटचा आहे.

आत्या: मग ७ च पॉइंट वाढतील, ६.९५ होईल. १ क्रेडिटची लॅब आहे का?

चिनू: आहे. मागच्या लॅबला ८ होते.

आत्या: यावेळी तिथे ९ घे. जर्नल वेळेवर दे म्हणजे झालं.

आई: जर्नल! मागच्या वेळी आदल्या रात्री दोनपर्यंत लिहीत बसला होता.