सीटची उंची आणि क्लच

"माझी उंची 4 फूट 11 इंच आहे. सीट वर घेतल्यावर बॉनेट दिसते, पण क्लच पूर्ण दाबला जात नाही. ठाण्यात गाडी पाहत आहे, काय तपासावे?"

सीट वर गेली की पाय पेडलपासून दूर जातो, म्हणून ती पुढे ओढावी लागते आणि छाती स्टिअरिंगच्या फार जवळ येते. एअरबॅगसाठी मात्र या दोहोंत सुमारे 25 सेंटिमीटर अंतर हवे. त्यामुळे आधी क्लच तळापर्यंत दाबून गुडघा किंचित वाकलेला राहतो का ते पाहावे, मग उंची ठरवावी आणि शेवटी हे अंतर टेपने मोजावे (विक्रेता हसला तरी हरकत नाही). अंतर कमी भरल्यास डॅशबोर्डकडे आत सरकणारे स्टिअरिंग उपयोगी पडते. केवळ वर-खाली होणाऱ्या स्टिअरिंगने अंतराचा प्रश्न फारसा सुटत नाही. घोडबंदर रस्त्यावरील उड्डाणपुलाच्या चढावर बॉनेटपुढचा रस्ताही पाहून घ्यावा. क्लच अडतच असेल, तर ऑटोमॅटिक गाडी पाहणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.