मदत हवी आहे: मूत्राशयाचं दुखणं, पुढची पायरी कोणती?

ताईला ८ महिन्यांपासून लघवी साठली की ओटीपोटात दुखतं, करून आली की थोडा वेळ बरं वाटतं. लघवीच्या तीनही कल्चर तपासण्यांत जंतू सापडले नाहीत, तरी अँटिबायोटिकचे ४ कोर्स झाले! सोनोग्राफीत खडा नाही, टीबी नाही, दुर्बिणीतून गाठ किंवा मूत्राशयाच्या अस्तरावरचा हनरचा व्रणही दिसला नाही. तेव्हा कुठे ‘ब्लॅडर पेन सिंड्रोम’ हे नाव मिळालं.

चहा, चिंच, टोमॅटो बंद केल्यावर फरक पडला. दुखणं कमी व्हावं म्हणून रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलीन १० मिग्रॅ चालू आहे, पण दिवसभर झोप येते. आता डॉक्टर पेंटोसान हे तोंडाने घ्यायचं औषध किंवा मूत्राशयात नळीने औषध सोडणं सुचवतात. पेंटोसान दीर्घकाळ घेतल्यास डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ शकते, म्हणून धास्ती वाटते.

कुणी घेतलंय का? आधी डोळे तपासले होते का? ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी आधी करून पाहावी का?