खोकला ब्रॅडिकायनिनचा, पोटॅशियम अल्डोस्टेरॉनचं

> एसीई इनहिबिटर आणि एआरबी या रक्तदाबाच्या औषधगटांचे दुष्परिणाम परीक्षेच्या पेपरात सारखेच वाटतात. पर्याय कसा निवडायचा?

एसीई हे एन्झाइम दोन कामं करतं: अँजिओटेन्सिन १ चं २ बनवतं आणि ब्रॅडिकायनिन मोडतं. एनालाप्रिल हे एसीई इनहिबिटर दोन्ही कामं अडवतं, म्हणून ब्रॅडिकायनिन साचतं आणि कोरडा खोकला येतो. लोसार्टन हे एआरबी फक्त अँजिओटेन्सिन २ चा एटी१ रिसेप्टर अडवतं. ब्रॅडिकायनिन नेहमीसारखं मोडत राहतं.

आता प्रश्न असा समजा: एनालाप्रिलवर असलेल्या रुग्णाला काही आठवड्यांपासून कोरडा खोकला आहे, छाती स्वच्छ आहे, औषध बदलायचंय. पर्यायांत रामिप्रिल हमखास दिसेल. पण तेही एसीई इनहिबिटरच. एन्झाइम तेच अडणार, मग खोकलाही राहणार. उत्तर लोसार्टन.

याच प्रश्नात खोकल्याऐवजी रक्तातलं पोटॅशियम वाढून ५.९ झालेलं दिलं, तर मात्र लोसार्टन चुकतं. दोन्ही गटांत अँजिओटेन्सिन २ चा परिणाम घटतो, त्यामुळे अल्डोस्टेरॉन कमी होतं आणि पोटॅशियम शरीरातच राहतं. म्हणून तक्रार वाचली की आधी ती कोणत्या वाटेवरची आहे ते ठरवा, पर्याय नंतर बघा.

अँजिओएडेमाला, म्हणजे ओठ-चेहऱ्यावर अचानक येणाऱ्या सुजेला, मात्र जपून. एसीई इनहिबिटरवर तोही मुख्यतः ब्रॅडिकायनिनमुळेच होतो, पण एआरबीवरही क्वचित दिसतो. त्यामुळे ‘एआरबीने कधीच होत नाही’ असं विधान आलं, तर ते चूक धरा.