मदत हवी आहे: गुरुवारी वर्गाचं निरीक्षण, तिसरीला हातच्याची वजाबाकी

खडूफळा
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात द्विशिक्षकी शाळेवर आहे. माझ्याकडे तिसरी-चौथी एकाच खोलीत, तिसरीचे १४ आणि चौथीचे ८. गुरुवारी विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख दोघंही माझा पाठ पाहायला येणार आहेत. ४० मिनिटांची तासिका. विषय मी निवडायचा आहे.

हातच्याची वजाबाकी घ्यावी म्हणते, कारण मुलांचं घोडं तिथंच अडलंय. काल ५२ − २७ दिलं, तर १४ पैकी ९ जणांनी ३५ लिहिलं. टाचण काढायला बसले आणि हात थांबला. मोठा तक्ता करू का? टीव्हीवर व्हिडिओ दाखवू का? आणि ही माणसं मागं बसून नेमकं काय लिहितात? आधी एकदा पाठ झाला होता तेव्हा शेरा मिळाला, 'पाठ समाधानकारक'. त्यातून मला काय कळावं?

बीएडवाला
सराव पाठ आहे ना? मग घाबरू नका. प्रस्तावनेला तीन-चार प्रश्न, मग हेतुकथन फळ्यावर, मग विवेचन, शेवटी गृहपाठ. मला याच क्रमावर चांगले गुण मिळाले होते. फळ्याचे दोन भाग करा आणि तारीख विसरू नका.

खडूफळा
सर, सराव पाठ नाही हो, नोकरीला सहा वर्षं झाली. पण तारखेचं लक्षात ठेवते.

तुराटी
साहित्य भरपूर ठेवा, ताई. आमच्याकडं आले तेव्हा आधी भिंतीच पाहिल्या. रंगीत तक्ता, दशकपेटी, टीव्ही सगळं लावून ठेवलं होतं मी, साहेब खूश. आणि एक दिवस आधी हाच पाठ मुलांकडून करून घ्या, म्हणजे उत्तरं पटापट येतात. आमच्या इकडं असंच करतात सगळे.

जुनी_हजेरी
मी बारा वर्षं केंद्रप्रमुख होतो, शेकडो पाठ मागच्या बाकावर बसून पाहिले. तुराटीभाऊ, साहित्याचं तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. साहित्य दिसतंच. पण ते बाईंच्या हातात आहे की मुलांच्या, हे आम्ही लिहून घेत असू. आणि आदल्या दिवशी घोटून घेतलेला पाठ दोन मिनिटांत ओळखू येतो: प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येतं, आणि ते सगळ्यांचं एकाच सुरात येतं. एका शाळेत तर मुलगा बाईंना म्हणाला, "बाई, आता तुम्ही काड्या वाटता ना?"

खडूफळाताई, विषय चांगला निवडलात, पण आधी एक खाच सांगतो. निपुण भारतमध्ये ९९ पर्यंतची वजाबाकी हे दुसरीचं लक्ष्य आहे. तिसरीला ती का घेता, असं कुणीतरी विचारणारच. टाचणाच्या पहिल्याच ओळीत लिहा: 'सोमवारच्या तपासणीत १४ पैकी ९ जणांनी ५२ − २७ = ३५ लिहिले; मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात.' असं पुराव्यासकट लिहिलं की तोच तुमच्या पाठाचा हेतू होतो. हे झाकून ठेवाल तर प्रश्न उलटा येईल.

पाठ असा घ्या. तुरीच्या काड्यांचे दहाचे गठ्ठे करा, दोरा नको, रबर लावा, चटकन सुटतो. चौघांच्या गटाला पाच गठ्ठे, दोन सुट्या. संख्या तोंडी सांगू नका, फळ्यावर लिहा. 'सत्तावीस' म्हणताना सात आधी ऐकू येतो, मग ७२ लिहिणारं एखादं पोर निघतंच आणि तुमची पाच मिनिटं तिथंच जातात. दोन सुट्यांतून सात कशा द्यायच्या, हा प्रश्न टाकून गप्प बसा. खरंच गप्प बसा. कुणीतरी रबर काढेल. काढला की लगेच विचारा, "आता एकूण काड्या किती?" जो परत मोजायला लागला त्याला अजून समजलेलं नाही. जो न मोजता '५२च' म्हणाला त्याला समजलं. मी असतो तर हाच क्षण लिहून घेतला असता. मग चार गठ्ठे, बारा सुट्या, आणि फळ्यावर ५ खोडून ४, २ वर १२. काड्या आणि फळा एकाच वेळी चालले पाहिजेत. बहुतेक ठिकाणी काड्या एकीकडं राहतात आणि फळ्यावर 'हातचा घेतला' हा मंत्र वेगळाच चालतो.

३५ वाल्याला चूक म्हणू नका. "३५ उरल्या म्हणतोस ना, मग दिलेल्या २७ त्यात परत घाल" म्हणा. ६२ होतात. त्याचं तोंड पाहा.

शेवटची सात मिनिटं तीन उदाहरणांना ठेवा: ६८ − २५, ६१ − ३४, ४० − १६. पहिल्यात हातचा नाही. तिथंही ज्यानं ३१३ असं काही लिहिलं, त्यानं नुसती रीत पाठ केलीय. तिसऱ्यात ३६ किंवा ३० आलं तर शून्य अडलंय.

मेळघाटकर
माझी गोष्ट वेगळी आहे, पण सांगतो. माझ्या पहिलीत सगळी पोरं कोरकू बोलणारी. निरीक्षणाच्या दिवशी मी सगळं मराठीत घेतलं, कारण साहेब होते. वर्ग मुका. कोरकूत दोन शब्द टाकल्याबरोबर बोलायला लागले. शेऱ्यात तेवढंच चांगलं लिहिलं होतं. तुमच्याकडं कोलामी पोरं असतील तर विचार करा.

खडूफळा
तीन आहेत, भाऊ. बरं झालं आठवण केलीत. जुनी_हजेरी सर, चौथीचं काय करू? त्यांना बाहेर बसवू का?

जुनी_हजेरी
अजिबात नको. निरीक्षक हमखास चौथीकडं पाहतो. त्यांना पंधरा मिनिटं एकट्यानं करता येईल असं काम द्या: चार अंकी वजाबाक्या, आणि प्रत्येकीचा ताळा बेरजेनं. म्हणजे ती मुलं 'बाई, पुढं काय?' म्हणत उठत नाहीत. काम पाठ सुरू व्हायच्या आधी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलेलं असावं.

तुराटी
हे सगळं खरं असेल, सर, पण मधल्या वेळात पोर चुकलं तर साहेब लिहितीलच ना 'विद्यार्थी चुकले'?

जुनी_हजेरी
लिहिणारेही आहेत, नाही म्हणत नाही. माणसामाणसावर आहे.

खडूफळा *(शुक्रवारी)*
झाला एकदाचा. तक्ता केलाच नाही. १४ पैकी ११ आले, तिघं कापूस वेचायला गेलेले. पहिल्या गटानं पाचही गठ्ठे सोडून टाकले आणि ५२ काड्यांचा ढीग केला! ते मी धरलंच नव्हतं. मग "कमीत कमी किती गठ्ठे सोडले तर भागेल?" असं विचारलं आणि गाडी रुळावर आली, पण सहा मिनिटं गेली. त्यामुळं ४० − १६ राहिलं. ६८ − २५ मध्ये दोघांनी हातचा घेतलाच.

विस्तार अधिकारी दहा मिनिटं चौथीतल्या मुलीशेजारी बसून तिची वही पाहत होते. नंतर मला एकच विचारलं: "त्या दोघांचं सोमवारी काय करणार?" मी म्हटलं, आधी हातचा लागतो की नाही एवढंच ओळखायला लावीन, सोडवायचं नाही. त्यांनी लिहून घेतलं. केंद्रप्रमुख मात्र म्हणाले, टीव्ही का नाही लावला.

आता न आलेल्या तिघांना हे काड्यांचं परत कसं द्यायचं? कुणी केलंय का, बाकीचा वर्ग पुढं सरकलेला असताना?