तुकडे करण्याआधी छेद तपासा

«ऑनलाइन कोर्समधली मोठी लेक्चरं कमी लोक पूर्ण करतात, मग सगळ्यांचे सहा-सहा मिनिटांचे तुकडे करू का?»

इतक्यात नको. सहा मिनिटांचा आकडा एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या २०१४ च्या अभ्यासातून आला, पण तिथे एका बैठकीत व्हिडिओ किती वेळ पाहिला जातो ते मोजलं होतं, मॉड्यूल पूर्ण होणं नव्हे.

शिवाय अनेक कोर्समध्ये छोटी लेक्चरं सुरुवातीला आणि मोठी शेवटाकडे असतात, घोळ तिथेच होतो. समजा, पहिलं पाच मिनिटांचं मॉड्यूल १००० जणांनी उघडलं, ६०० जणांनी संपवलं. आठवं पंचवीस मिनिटांचं, १२० जणांनी उघडलं, १०८ जणांनी संपवलं. उघडणाऱ्यांवर भागलं तर ६० विरुद्ध ९० टक्के, म्हणजे मोठंच सरस! सुरुवातीच्या १००० वर भागलं तर तेच आठवं ११ टक्क्यांच्या आत. दोन्हीत लांबीपेक्षा गळतीच जास्त दिसते, कारण आठव्यापर्यंत चिकाटीचेच उरतात.

म्हणून छेदात आधीचं मॉड्यूल संपवणारे घ्या. सातवं १५० जणांनी संपवलं असेल तर आठव्याचं प्रमाण ७२ टक्के. ते सातव्या-नवव्यासारख्या शेजारच्या छोट्या मॉड्यूलशी ताडून पाहा, पहिल्याशी नको. आणि मोठ्या मॉड्यूलला परीक्षा जोडलेली असेल तर ते वेगळं काढा. तिथे लोक लांबीला नव्हे, परीक्षेला अडलेले असू शकतात.