फर्मनची साक्ष: चारित्र्यहनन की रास्त प्रश्न?

निरंजन: अमेरिकेतल्या ओ. जे. सिम्पसनवरच्या खुनाच्या खटल्यात बचाव पक्षाने फर्मन या पोलीस अधिकाऱ्याला वर्णद्वेषी ठरवलं आणि त्याला सापडलेला हातमोजा त्यानेच पेरला असेल, असं म्हणत तो पुरावाच संशयास्पद करून टाकला. माणूस कसाही असो, पुरावा बघा ना! साक्षीदाराच्या चारित्र्यात शिरणं हा सरळसरळ तर्कदोष आहे. त्यावर बंदीच हवी.

मेधा: हे वाचून गप्प बसवेना. मी स्वतः अनेक वर्षं उलटतपासण्या घेतल्यात. ‘माणूस कसाही असो’ हे युक्तिवादाला लागू पडतं, साक्षीला नाही. युक्तिवाद समोर मांडलेला असतो. मांडणारा लबाड असला तरी तो आपल्याला तपासता येतो. पण ‘मी पाहिलं’ एवढंच कोणी सांगतं, तेव्हा त्या माणसाशिवाय तपासायला असतं काय?

13 जून 1994 च्या पहाटे फर्मन सिम्पसनच्या घरामागच्या अरुंद वाटेत एकटा गेला. तिथे रक्ताळलेला उजवा हातमोजा दिसला, असं त्याने सांगितलं. मोज्यावरचं रक्त प्रयोगशाळेत तपासता येतं. मोजा तिथे आधीच पडलेला होता, ही गोष्ट मात्र त्याच्या शब्दावर उभी होती. मार्च 1995 मध्ये सिम्पसनचा वकील बेलीने त्याला विचारलं, गेल्या दहा वर्षांत कृष्णवर्णीयांबद्दलचा तो घाणेरडा शब्द वापरलात का? तो शपथेवर नाही म्हणाला. पुढे एका पटकथालेखिकेकडच्या ध्वनिफितींत तोच शब्द त्याच्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकू आला. 1996 मध्ये खोट्या साक्षीच्या आरोपाला त्याने आव्हान दिलं नाही आणि त्याला शिक्षाही झाली. याला चारित्र्यहनन कसं म्हणायचं?

सुहास: अगदी बरोबर. एकदा शपथेवर खोटं बोलला की सगळं खोटं. पूर्ण खटलाच बाद.

मेधा: सुहास, एवढी उडी नको. मृतदेहांजवळचे रक्ताचे डाग फर्मनच्या शब्दावर नव्हते. ते गोळा करणारे वेगळे होते आणि त्यांच्या कामातल्या चुकांवर बचाव पक्षाने वेगळी लढाई दिली. शिवाय खून झाले त्या ठिकाणी फर्मनच्या आधी पोचलेल्या पोलिसांना एकच मोजा दिसला होता. दुसरा तिथे नव्हताच, तर त्याने उचलून नेला कुठून? साक्षीदार खोटारडा निघाला की असा बाहेरचा आधार शोधायचा. सरसकट सगळं फेकून द्यायचं नसतं.

वैशाली: तुमचं सगळं पुस्तकात ठीक आहे. मी एका अपघाताची साक्षीदार होते. ट्रकने लाल सिग्नल तोडला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. वकिलाने पहिलं काय विचारलं, तर घटस्फोट का झाला! मग नोकरी का सुटली. मी कुठे उभी होते, सिग्नल तिथून दिसत होता का, हे एकदाही नाही. घरी येऊन रडले. पुन्हा कधी साक्ष देणार नाही.

सुहास: वकिलाला मोकळीक हवीच. दडपण आलं की खरं बाहेर येतं.

वैशाली: दडपणाखाली माझ्या तोंडून काय बाहेर आलं ते सांगू? हुंदका. एकदा त्या पिंजऱ्यात उभे राहा, मग आम्हाला शिकवा!

प्रकाश: माझ्या भावाचंही हेच झालं. त्याची जुनी दारू काढली. घटनेच्या वेळी तो शुद्धीत होता की नाही, हे कोणी विचारलंच नाही.

मेधा: वैशालीताई, त्या प्रश्नाला तिथेच हरकत घ्यायला हवी होती आणि न्यायाधीशांनीही तो रोखायला हवा होता. मी एकच बघते: उत्तर ‘हो’ आलं, तर सिग्नलबद्दलचं तुमचं म्हणणं तसूभर तरी डळमळतं का? घटस्फोटाने नाही डळमळत. ट्रकमालकाशी तुमचं जुनं भांडण असतं, तर डळमळलं असतं. प्रकाश, दारूचंही तेच. त्या संध्याकाळी प्यायला होता का, हे विचारता येतं. दहा वर्षांपूर्वी प्यायचा, याचा काही संबंध नाही.

वैशाली: हरकत घ्यायला माझ्या बाजूने कोण होतं? साक्षीदाराला वकील नसतो, मेधाताई.

मेधा: नसतो. याला माझ्याकडे उत्तर नाही.

निरंजन: गाडी परत मूळ मुद्द्यावर आणतो. वर्णद्वेषी माणूस पुरावा पेरतोच असं नाही, हे तरी मान्य?

मेधा: मान्य. म्हणूनच न्यायाधीश इटोंनी ज्युरीला त्या फितींतले दोनच उतारे ऐकू दिले. बाकीचे ऐकून ज्युरी भडकली असती आणि मोज्याबद्दल काहीच कळलं नसतं.

निरंजन: ठीक. मग बंदी नको, पण गाळणी कडक हवी. एवढंच मागे घेतो, जास्त नाही. आणि तो मोजा पेरला, हे आजतागायत कोणी सिद्ध केलेलं नाही.

सुहास: पण सप्टेंबर 1995 मध्ये ‘पुरावा पेरला का’ असं थेट विचारल्यावर फर्मन गप्प का बसला? निर्दोष माणूस नाही म्हणाला असता.

मेधा: त्याने प्रत्येक प्रश्नाला स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्कच पुढे केला होता आणि ज्युरी तेव्हा दालनात नव्हती. एकाला उत्तर दिलं असतं, तर बाकीच्यांची द्यावी लागली असती. त्या मौनातून तुम्ही कबुली काढताय, हे मला पटत नाही.

सुहास: मला पटतं. तुम्ही वकील आहात म्हणून तुम्हाला पटत नाही.

निरंजन: बघा, आता मेधाताईंचा मुद्दा सोडून त्यांच्या पेशावर घसरलात. मी नेमकं याच्याचबद्दल बोलत होतो!